उत्पादन फलनाच्या गणिताला बसण्याआधी: घातांकांची बेरीज

कागद, पेन्सिल आणि कोणताही घात काढता येईल असा कॅल्क्युलेटर घ्या. नुसत्या वर्गमूळाच्या बटणावर भागणार नाही, ते का हे पुढे कळेल.

आकडे असे घेऊ. एका छोट्या विणकाम कारखान्यात L म्हणजे मजुरांचे दिवस, K म्हणजे मागांचे तास. मजुरी दिवसाला ६४० रुपये, मागाचं भाडं तासाला २० रुपये. आकडे माझ्या सोयीचे आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. प्रश्न असा: १६ तागे कमीत कमी खर्चात कसे काढायचे? ताग्यांचं उत्पादन Q असं, हेच उत्पादन फलन:

```
Q = L^(1/2) * K^(1/4)
```

आता काहीही सोडवण्याआधी घातांकांची बेरीज करा आणि कागदाच्या डोक्यावर लिहा: अर्धा अधिक पाव, म्हणजे पाऊण. एकापेक्षा कमी, म्हणून प्रमाणफल घटतं. दोन्ही साधनं दुप्पट केली तर उत्पादन २ च्या पाऊण घाताइतकं, म्हणजे सुमारे १.६८ पटच होतं. समोर A सारखा गुणक असला तर त्याकडे दुर्लक्ष करा, त्याने प्रमाणफल बदलत नाही. पण मागे कुठे "+ 5L" चिकटलं असेल तर हा बेरजेचा नियम लागूच होत नाही. तिथे L आणि K च्या जागी tL आणि tK घालून सरळ तपासा.

ही बेरीज मी एम.ए.च्या परीक्षेत लिहिली नाही. वर्गात सोडवलेली जवळपास सगळी उदाहरणं बेरीज एक असलेली होती आणि हात तसाच वळला. याचं मूळ जुनं आहे. कॉब आणि डग्लस यांनी १९२८ मध्ये अमेरिकेच्या १८९९ ते १९२२ च्या कारखानदारीला हे फलन लावलं, तेव्हा बेरीज एक हे त्यांनी आधीच धरलं होतं: श्रमाला पाऊण, भांडवलाला पाव. तुमच्या प्रश्नपत्रिकेवर ते बंधन नाही. बेरीज करा.

पुढचं काम मिश्रणाचं. तेवढेच तागे देणाऱ्या L आणि K च्या जोड्यांचा समउत्पादन वक्र, आणि तेवढ्याच पैशात बसणाऱ्या जोड्यांची समखर्च रेषा. या दोघांचा उतार जिथे सारखा, तिथे खर्च किमान. या फलनात तो उतार, चिन्ह सोडून, 2K/L येतो, कारण अर्धा भागिले पाव म्हणजे दोन. किमतींचं गुणोत्तर ६४० भागिले २०, म्हणजे ३२. म्हणून K = 16L. इथे L वर आणि K खाली ठेवण्याची चूक फार होते. तिची खूण सोपी आहे: मजुरी महाग होऊनही मजूर वाढताना दिसले, तर उलटं लिहिलंय.

आणि इथे थांबू नका. K = 16L हे फक्त प्रमाण झालं, किती हवंय ते अजून कळलेलं नाही. ते वक्रात परत घाला:

```
Q = L^(1/2) * (16L)^(1/4) = 2 * L^(3/4)
```

१६ ताग्यांसाठी L = १६, K = २५६ आणि खर्च १५,३६० रुपये. खात्री हवी असेल तर त्याच वक्रावर शेजारचे बिंदू घ्या. २५ मजूरदिवसांना सुमारे १०५ तास लागतात आणि खर्च १८,१०० च्या आसपास जातो. ९ मजूरदिवसांना ८०९ तास लागतात, खर्च २१,९०० च्या पुढे. दोन्ही बाजूंनी महागच.

परीक्षेत पुढचा उपप्रश्न होता ३२ ताग्यांचा. मी सगळं दुप्पट केलं: ३२ मजूरदिवस, ५१२ तास, ३०,७२० रुपये. वर पडताळाही घेतला: मजुरीवरचा खर्च भाड्याच्या दुप्पट, घातांकही दोनास एक, झकास! पण हा पडताळा माझी चूक पकडूच शकत नाही, कारण प्रमाण दोन्हीकडे बरोबरच येतं. वक्रात परत घातलं असतं तर दिसलं असतं की एवढ्यात २७ सुद्धा तागे निघत नाहीत. बरोबर उत्तरासाठी L^(3/4) = 16 सोडवायचं, म्हणजे १६ चा 4/3 घात: सुमारे ४०.३ मजूरदिवस, ६४५ तास, साधारण ३८,७०० रुपये. ताग्यामागे खर्च ९६० वरून सुमारे १,२१० वर गेला. उत्पादन दुप्पट झालं की खर्च अडीच पट होतो, आणि हे डोक्यावर लिहिलेल्या त्या पाऊणातूनच येतं. म्हणून बेरीज आधी.

बाकी पटकन. उत्तरात एककं लिहा. वक्र काटकोनी असेल किंवा सरळ रेषा असेल तर उतार जुळवायला जाऊ नका: पहिल्यात कोपराच उत्तर, दुसऱ्यात बहुधा एखादं टोक. आकृतीत स्पर्शबिंदूला नाव द्या, दोन्ही वक्र काढा, १६ चा आणि ३२ चा. दोन्ही स्पर्शबिंदू उगमातून जाणाऱ्या एकाच रेषेवर यायला हवेत, पण दुसरा पहिल्याच्या दुप्पट अंतरावर नाही, अडीच पट अंतरावर.