संघाचं नाव आधी शर्टावर वाचून बघा

पहिल्या वर्षी आमच्या शाळेच्या रोबोटिक्स संघाचं नाव होतं 'यंत्रशक्ती इनोव्हेटर्स'. फळ्यावर ते भारदस्त दिसायचं. शर्ट छापून आले तेव्हा छातीवरच्या ९ सेंटिमीटरच्या पट्टीत 'त्र' आणि 'क्ती' शाईने बुजले होते. स्पर्धेत शेजारच्या संघातली मुलं शर्टाकडे बघूनही नाव विचारायची.

दुसऱ्या वर्षी मी मुलांना सुचलेली सगळी नावं ९ सेंटिमीटर रुंदीत कागदावर छापायला लावली. कागद भिंतीला चिकटवले आणि दहा पावलांवरून वाचले. जोडाक्षरांची नावं तिथेच गळाली. उरलेली नावं मैदानाच्या एका टोकावरून ओरडून पाहिली, कारण निवेदकही ती एकदाच उच्चारतो. टिकलं ते 'सुगरण'. चार अक्षरं, जोडाक्षर नाही, एकच उकार.

दोन मुलींनी हरकत घेतली, लोकांना स्वयंपाकच आठवेल म्हणून. हरकत रास्त होती. म्हणून ठरलं की अर्थ चित्राने सांगायचा: घरटं विणणारा पक्षी. आणि ते घरटं नर विणतो, हे कळल्यावर त्या दोघीच नावाच्या बाजूने बोलू लागल्या.

चित्र मात्र तीनदा काढावं लागलं. पहिल्यात गवताची काडी न् काडी होती आणि पिवळ्याचा तपकिरी होत जाणारा रंग होता. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे शाई आरपार जाऊ देणारी जाळीची चौकट लागते, बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि उतरत्या छटेचे ठिपके होतात. शेवटच्या चित्रात घरटं म्हणजे थेंबासारखा आकार आणि त्यावर तीन जाड पट्टे. तोंडाशी दातेरी चाक, बाजूला पिवळ्या डोक्याचा पक्षी. रंग दोनच, पांढरा आणि पिवळा, गडद निळ्या शर्टावर. गडद कापडावर नुसता पिवळा मळकट दिसतो, त्याखाली पांढरा थर द्यावा लागतो. आमच्या चित्रात पांढरा होताच, त्यामुळे तीच स्क्रीन दोन्ही कामांना पुरली. पाठीवरच्या मोठ्या चित्राचं माप सगळ्यात लहान शर्टावरून घ्या. सगळ्या मापांना सहसा एकच स्क्रीन वापरतात, आणि मोठं चित्र लहान मुलाच्या शर्टावर शिवणीपर्यंत जातं.

बॅनरला फोनवरून पाठवलेलं चित्र चालत नाही. १००० पिक्सेलचं चित्र २ मीटरवर ताणलं की इंचाला जेमतेम १३ ठिपके उरतात, कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. व्हेक्टर फाइल द्या, तिच्यात ठिपक्यांऐवजी रेषा-आकार साठवलेले असतात, म्हणून कितीही ताणली तरी कडा साफ राहतात. आम्ही ती दिली, तरी नमुन्यात उकार 'स'खालून सरकून 'ग'जवळ गेला होता, कारण छापणाऱ्याच्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. तेव्हापासून अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत रूपांतर करूनच फाइल देतो, आणि सोबत नाव कसं दिसायला हवं त्याचा एक फोटो जोडतो.