एरर बार एसडीचा की एसईचा : आकृतीखाली आणि मजकुरात कसं लिहावं

समजा, हरभऱ्याची ३२ रोपं ३२ कुंड्यांत लावली. निम्म्यांना खत दिलं, निम्म्यांना नाही. महिन्यानं उंची मोजली. बिनखताची सरासरी १२.४ सेंमी, एसडी २.०; खताची सरासरी १३.८, एसडी २.४. आता आलेख काढायचा आहे: सरासरीचा स्तंभ आणि त्याच्या टोकाशी वर-खाली जाणारी रेघ, म्हणजे एरर बार.

आधी ठरवा, वाचकाला काय दाखवायचंय. रोपारोपांत उंची किती कमीजास्त आहे हे दाखवायचं तर एसडी, म्हणजे प्रमाण विचलन. सरासरी किती नेमकी सापडली हे सांगायचं तर एसई, म्हणजे प्रमाण त्रुटी. रोपांची संख्या वाढवली तरी एसडी साधारण तेवढाच राहतो, एसई मात्र लहान होत जातो:

```
SE = SD / √n
=STDEV.S(B2:B17)/SQRT(COUNT(B2:B17))
```

n म्हणजे गटातल्या मापांची संख्या; इथे n = १६, म्हणून एसई येतो ०.५ आणि ०.६. बार चौपट आखूड! बरेच जण तेवढ्यासाठीच एसई निवडतात, हे उघड गुपित आहे.

बार काढताना एक्सेलच्या तयार ‘स्टँडर्ड एरर’ पर्यायाच्या नादी लागू नका. त्याला तुमची ३२ मापं माहीतच नसतात, तो आलेखावरच्या सरासऱ्यांवरूनच हिशेब करतो. सगळे बार एकाच लांबीचे दिसले की समजा, घोळ झाला. ‘कस्टम’ निवडून वरच्या सूत्रानं काढलेले आकडे द्या.

मग आकृतीखाली तीन गोष्टी लिहा: स्तंभ कशाचा, बार कशाचा, n म्हणजे काय.

> आकृती १. लागवडीनंतर ३० दिवसांनी हरभऱ्याच्या रोपांची उंची. स्तंभ : सरासरी; बार : ± प्रमाण त्रुटी; n = प्रत्येक गटात १६ कुंड्या, कुंडीत एक रोप.

‘कुंडीत एक रोप’ हे शब्द गाळू नका. चारच कुंड्यांत चार-चार रोपं असती, तर खत कुंडीला दिलेलं असल्यानं n चारच धरावा लागला असता. १६ धरून काढलेला एसई खोटा आखूड आला असता.

मजकुरात नुसतं ‘१२.४ ± ०.५’ लिहिलं, तर ०.५ कशाचा ते वाचकाला कळत नाही. त्यापेक्षा ‘१२.४ सेंमी (एसडी २.०, n = १६)’ लिहा. आकृतीत एसई असला तरी मजकुरात एसडी द्यायला हरकत नाही, फक्त नाव घाला.

आता खरी गोम. आपल्या आकृतीत एसईचे बार एकमेकांना शिवत नाहीत: खालचा १२.९ला संपतो, वरचा १३.२ला सुरू होतो. म्हणून ‘खतानं उंची वाढली’ असं लिहायचा मोह होतो. पण टी-चाचणीत पी येतो साधारण ०.०८, म्हणजे ०.०५पेक्षा जास्त. तेव्हा बारांकडे बोट न दाखवता असं लिहा: ‘खत दिलेल्या रोपांची सरासरी उंची १.४ सेंमी जास्त होती; फरक ५ टक्के पातळीवर सार्थ ठरला नाही (टी-चाचणी, p = ०.०८).’