बोनस सेकंदांचा हिशेब कसा मांडावा: टप्प्यांच्या सायकल शर्यतीत पुढे कोण, मागे कोण

7 सप्टेंबर 2011. व्हुएल्टा अ एस्पान्या या तीन आठवड्यांच्या स्पॅनिश शर्यतीचा सतरावा टप्पा पेन्या काबार्गाच्या चढावर संपणार होता. लाल जर्सी, म्हणजे एकूण वेळेतली आघाडी, हुआन होसे कोबोकडे होती. डोंगरही त्याच्याच कांताब्रिया प्रांतातला, त्यामुळे दोन्ही कडांना त्याचीच माणसं उभी होती. त्याच्या मागे 22 सेकंदांवर होता ख्रिस फ्रूम, तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला. माथ्याजवळ फ्रूम सुटला. कोबोनं दात-ओठ खात त्याला गाठलं आणि अगदी शेवटी मागेही टाकलं, पण अखेरच्या वळणावर फ्रूमनं त्याला पुन्हा मागे टाकून टप्पा जिंकला. दोघांच्या वेळेत फरक पडला 1 सेकंदाचा.

मग 22 मधला 1 गेला, उरले 21? नाही. संध्याकाळच्या क्रमवारीत फरक 13 सेकंदांचा होता, आणि माद्रिदला शर्यत संपली तेव्हाही तो 13 च राहिला. मधले 8 सेकंद रस्त्यावर कुणी कमावले नव्हते, ते बोनसचे होते. हा हिशेब घरी वही घेऊन कसा मांडायचा ते सांगतो. एकदा जमलं की टप्प्याचे शेवटचे दोन किलोमीटर पाहताना कोण कशासाठी जिवाचं रान करतोय ते आपोआप उलगडतं.

आधी दोन पानं वेगळी करा

टप्प्यांच्या शर्यतीत एकाच रस्त्यावर एकाच वेळी अनेक स्पर्धा चालू असतात. आपल्याला मुख्यतः दोन लागतात. पहिली एकूण वर्गवारी: प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ जोडत जायचा आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पुढे. टूर द फ्रान्समध्ये त्याला पिवळी जर्सी मिळते, व्हुएल्टात लाल. दुसरी गुणांची वर्गवारी. इथे घड्याळ पाहायचंच नाही, फक्त क्रमांक पाहायचा. टप्प्याच्या शेवटी आणि वाटेतल्या ठरावीक रेषेवर कितवा आलास, त्यावर गुण मिळतात आणि ज्याचे गुण जास्त त्याला हिरवी जर्सी.

वहीची दोन पानं करा: डावीकडे सेकंद, उजवीकडे गुण. बोनस सेकंद फक्त डाव्या पानावर लिहायचे, ते उजवीकडे कधीही जात नाहीत. नव्या प्रेक्षकाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. टप्पा जिंकणाऱ्याला 10 सेकंद आणि 50 गुण एकाच क्षणी मिळताना दिसतात, म्हणून ते एकाच बक्षिसाचे दोन भाग वाटतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या खात्यांत झालेली जमा असते.

डावं पान: आधी रस्त्यावरची वेळ

टप्प्याचा निकाल घ्या आणि आपल्याला हव्या असलेल्या दोन-तीन स्वारांच्या वेळेतला फरक लिहा. घोळका एकत्र आला तर त्यातल्या सगळ्यांना एकच वेळ दिली जाते, मग एखादा पाचवा असो की साठावा. म्हणून सपाट टप्प्यानंतर बहुतेकांपुढे फरक शून्य लिहावा लागतो, आणि नेमकं अशाच दिवशी बोनसला वजन येतं, कारण रस्त्यानं काहीच फरक पाडलेला नसतो.

सहसा शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये कुणी पडला किंवा चाक पंक्चर झालं, तर त्याला तो ज्या घोळक्यात होता त्याची वेळ मिळते. टप्पा चढावर संपत असेल तर ही सवलत नसते. सवलत मिळाली तरी ती वेळेपुरतीच असते. त्याचा क्रमांक मात्र खरोखर ज्या जागी रेष ओलांडली तोच धरतात, त्यामुळे बोनसही हुकतो आणि गुणही.

मग बोनस वजा करा

बोनस म्हणजे एकूण वेळेतून वजा होणारे सेकंद. आजच्या टूरमध्ये टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना 10, 6 आणि 4 सेकंद मिळतात. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यात, बोनस नसतो. आकडे शर्यतीनुसार आणि वर्षानुसार बदलतात, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला त्या त्या शर्यतीचे नियम पाहून वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. 2008 ते 2014 या काळात टूरमध्ये बोनस नव्हतेच, ते 2015 मध्ये परत आले. 2011 च्या व्हुएल्टात शेवटचा बोनस 20, 12 आणि 8 असा भरघोस होता.

आता पेन्या काबार्गाचं पान मांडू. आधी फ्रूम 22 सेकंदांनी मागे. रस्त्यावर त्यानं 1 सेकंद मिळवला, उरले 21. पहिला आला म्हणून त्याचे 20 वजा, उरला 1. पण कोबो दुसरा आला होता, त्याचेही 12 वजा व्हायचे होते. म्हणून फरक पुन्हा 12 नं वाढून 13 झाला. एवढंच गणित, पण एक सवय लावून घ्या: बोनस नेहमी दोघांचा लिहायचा. आपल्या आवडत्या स्वाराला काय मिळालं ते आपण लगेच मोजतो आणि प्रतिस्पर्ध्याला काय मिळालं ते विसरतो. खरी कमाई म्हणजे दोघांच्या बोनसमधला फरक. इथे ती 20 नव्हती, 8 होती.

त्याच पानावर पेन्सिलीनं दुसरी शक्यता मांडून पाहा. कोबो पहिल्या तिघांत आला नसता, तर त्याला बोनस मिळाला नसता. फ्रूमला 20 मिळून 22 पैकी फक्त 2 उरले असते आणि रस्त्यावर 3 सेकंदांचा फरक पडला असता तरी लाल जर्सी गेली असती. म्हणजे कोबोनं त्या चढावर टप्पा हरूनही मोलाची गोष्ट राखली होती, ती म्हणजे दुसरा क्रमांक. उलट बाजूही पाहा. तोच 1 सेकंद राखून कोबो जिंकला असता, तर 22 चे 31 झाले असते. एका वळणावर कोण पुढे निघतो यावर 13 आणि 31 एवढं अंतर होतं. त्या शेवटच्या मीटरांत दोघे इतके का झगडले, ते मला हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर खऱ्या अर्थानं कळलं.

आता तीन दिवस मागे जा. 4 सप्टेंबरला आंगलिरूच्या भिंतीसारख्या चढावर कोबो एकटा पुढे निघून जिंकला होता. फ्रूम चौथा आला आणि 48 सेकंद मागे राहिला. पहिल्याला 20 सेकंद बोनस, चौथ्याला शून्य. पानावर त्या दिवशी 48 नव्हे, 68 सेकंद जमा झाले. शेवटचा फरक 13 होता हे आठवा. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त आंगलिरूचे ते 20 पुसले, तर फ्रूम 7 सेकंदांनी पुढे येतो. माझ्या मते बोनस ठेवण्यात गैर काही नाही, कारण त्यामुळे पुढारी टप्पा जिंकायला धडपडतात. पण 20 सेकंद हा आकडा फारच मोठा होता, चढावर झुंजून मिळवलेल्या अंतराला तो झाकून टाकतो.

उजवं पान: गुण

गुणांच्या पानावर बोनस येत नाही, पण बोनसची पट्टी आणि गुणांची पट्टी शेजारी ठेवून पाहा. बोनस तिसऱ्या क्रमांकाला संपतो. टूरच्या सपाट टप्प्याचे गुण मात्र पंधराव्या क्रमांकापर्यंत जातात. 2015 पासूनच्या पट्टीत पहिल्याला 50, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20, चौथ्याला 18, पाचव्याला 16 असे ते उतरतात. म्हणजे रोज चौथा-पाचवा येणारा स्वार बोनसचा एकही सेकंद न मिळवता हिरव्या जर्सीच्या दिशेनं पुढे सरकत राहतो.

त्याच 2015 च्या टूरमध्ये आंद्रे ग्राइपेलनं चार टप्पे जिंकले आणि पीटर सागाननं एकही नाही. तरी हिरवी जर्सी सागाननं नेली. तो पुन्हा पुन्हा दुसरा आला, आणि वाटेतल्या स्प्रिंटच्या रेषांवर, डोंगराळ दिवशीसुद्धा पुढच्या गटात घुसून, गुण वेचत राहिला. तिथे पहिल्याला 20 गुण असतात. म्हणून उजव्या पानावर टप्प्याच्या शेवटाइतकीच जागा वाटेतल्या स्प्रिंटला ठेवा, नाहीतर बेरीज कधीच जुळणार नाही.

मग बोनसमुळे गुणांची क्रमवारी बदलते का? थेट नाही, पण स्पर्धकांच्या वागण्यातून बदलते. चढाच्या शेवटी पुढारी बोनससाठी झपाटून धावतात तेव्हा पहिले तीन क्रमांक तेच घेतात आणि त्यांचे गुणही. व्हुएल्टात त्या काळी सगळ्या टप्प्यांना सारखेच गुण असत आणि डोंगरी टप्पे भरपूर, म्हणून 2011 ची हिरवी जर्सी एखाद्या जाडजूड मांड्यांच्या स्प्रिंटरला नाही, तर एकूण वर्गवारीत चौथ्या आलेल्या बाउके मोलेमाला मिळाली.

बेरीज जुळत नसेल तर

टप्प्याच्या निकालात फक्त रस्त्यावरची वेळ असते, एकूण क्रमवारीत बोनस धरलेला असतो. दोन्ही कागद मिसळले की चूक होते. आपला आकडा अधिकृत आकड्यापेक्षा नेमका 10, 6 किंवा 4 नं वेगळा आला, तर शेवटचा बोनस राहिला असं समजा. 3, 2 किंवा 1 नं वेगळा आला तर वाटेतल्या रेषेवर पाहा, काही शर्यतींत तिथेही तेवढे सेकंद देतात. तिथेही काही सापडलं नाही तर दंड पाहा, पंच तोही सेकंदांत लावतात. आणि संघांच्या क्रमवारीत बोनस शोधू नका. ती दर टप्प्याला संघातल्या पहिल्या तिघांच्या रस्त्यावरच्या वेळेवर चालते.

हे सगळं लहान शर्यतीत जास्त तीव्र होतं. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर झालेल्या पुणे ग्रँड टूरसारख्या चार-पाच दिवसांच्या शर्यतीत उंच डोंगरांचे टप्पे नसतात, घोळका अनेकदा एकत्रच येतो आणि डाव्या पानावर शून्यांची रांग लागते. अशा वहीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक बोनस लिहा, वाटेतल्या रेषेवरचा 1 सेकंदसुद्धा.

2011 च्या माझ्या पानावर मात्र एक दुरुस्ती करावी लागली. जैविक पासपोर्टमध्ये, म्हणजे उत्तेजकांचा वापर पकडण्यासाठी ठेवलेल्या रक्तचाचण्यांच्या नोंदींत, सापडलेल्या गडबडीमुळे 2019 मध्ये कोबोचं नाव निकालातून काढलं गेलं आणि ती व्हुएल्टा आठ वर्षांनी फ्रूमच्या नावावर लागली. मी कोबोच्या नावावर रेघ मारली. त्याचे 20 आणि 12 मात्र तसेच ठेवलेत, कारण त्या दिवशी फ्रूम त्यांच्याशीच लढत होता.