क्लोन केलेला आवाज, बोलका केलेला चेहरा: आधी संमतीपत्र, मग पाटी

समजा, आठ मिनिटांची एक कथा शूट करून झाली आहे. निवेदन एका नाट्यकलावंताच्या आवाजात आहे. एडिटिंगला बसल्यावर चार वाक्यं बदलावी लागतात, पण कलावंत दौऱ्यावर. त्यांच्याच रेकॉर्डिंगवरून एआयने आवाज क्लोन केला की काम भागतं. शिवाय एका दृश्यात लेखकाच्या दिवंगत आजोबांचा, गिरणीतल्या जॉबरचा, जुना फोटो बोलता करायचा आहे. दोन्ही गोष्टी करता येतात, फक्त क्रम चुकवू नका.

१. आधी स्क्रिप्टवर खुणा करा. कोणतं वाक्य क्लोन आवाजात आहे आणि कोणत्या शॉटमध्ये चेहरा बनवलेला आहे, ते स्क्रिप्टच्या समासात लिहा. पंख्याची घरघर काढणं किंवा रंग सुधारणं यात धरू नका. नेहमीच्या संपादनाला भारतातल्या आयटी नियमांतही सूट आहे. माणसाने न बोललेलं वाक्य त्याच्या तोंडी आलं, की मात्र खूण हवीच.

२. संमती लेखी घ्या, आणि नेमकी घ्या. घोळ बहुतेक इथेच होतो. ‘माझा आवाज वापरायला हरकत नाही’ एवढ्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका. कशासाठी, किती आणि कुठवर, हे त्यात कुठेच नसतं. मूळ निवेदनाच्या करारात क्लोनिंगचा उल्लेख नसेल, तर ती परवानगी मिळालीच आहे असं धरू नका. अमेरिकेतल्या कलाकार संघटनेने २०२३च्या संपानंतर केलेल्या करारातही डिजिटल प्रतिकृतीचा वापर कशासाठी, याचं पुरेसं नेमकं वर्णन संमतीत मागितलं आहे. आपल्या चार वाक्यांसाठी मजकूर साधारण असा:

> ‘सोबत जोडलेली चार वाक्यं माझ्या आवाजाच्या क्लोनमधून तयार करून फक्त या व्हिडिओत व त्याच्या ट्रेलरमध्ये वापरण्यास माझी संमती आहे. तयार ऑडिओ मी ऐकून मंजूर केल्यावरच वापरावा. जाहिरात, दुसरी भाषा किंवा नवं वाक्य यासाठी वेगळी परवानगी घ्यावी. प्रकाशनानंतर ३० दिवसांत आवाजाचं मॉडेल आणि नमुने काढून टाकावेत.’

खाली मानधनाचा आकडा, वापरलेल्या टूलचं नाव, तारीख, सही. वाक्यं खरोखर जोडा, नाहीतर ‘सोबत’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

नामांकित गायकाचा किंवा नटाचा आवाज ‘गंमत म्हणून’ घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला होता.

आजोबांचं कसं करायचं? गेलेल्या माणसाचा प्रसिद्धीचा हक्क, म्हणजे नाव, चेहरा, आवाज यांच्या व्यावसायिक वापरावरचा हक्क, वारसांना मिळत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये म्हटलं होतं. तरी घरच्यांना विचाराच, आणि एका नातवाच्या होकारावर थांबू नका. आजी असतील तर त्यांचा, आणि सगळ्या मुलांचाही घ्या. ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचं जाहीर केलं होतं. फोटो स्टुडिओत काढलेला असेल तर त्याचे हक्क कुणाकडे आहेत, तेही बघा.

३. पाटी चित्रातच लावा. डिस्क्रिप्शनमधली ओळ रील कापली की मागे राहते, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या क्लिपसोबत तर ती जातच नाही. म्हणून बनवलेला चेहरा पडद्यावर असेपर्यंत पाटी ठेवा: ‘हा चेहरा व हालचाल एआयने तयार केली आहे. कुटुंबीयांच्या संमतीने.’ नुसतं ‘एआय’ लिहून कोपऱ्यात टाकलं तर प्रेक्षकाला काय खरं नि काय बनावट, कळत नाही. फोन हातभर लांब धरून वाचा. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर मोठं करा. खाली सबटायटल्स असतील तर पाटी वर न्या.

आवाजासाठी ती चार वाक्यं चालू असताना पाटी दाखवाच, पण सुरुवातीला बोलूनही सांगा: ‘या निवेदनातील काही वाक्यं कलावंताच्या संमतीने एआयने तयार केली आहेत.’ स्वयंपाक करता करता नुसतं ऐकणारेही असतात.

४. अपलोड करताना खरं उत्तर द्या. यूट्यूब स्टुडिओत तपशील भरताना `Altered content` हा प्रश्न येतो. खऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द घातले असतील, तर `Yes`. भारतात २० फेब्रुवारी २०२६पासून लागू झालेल्या सुधारित आयटी नियमांनुसार मोठ्या प्लॅटफॉर्मना व्हिडिओ असा बनवलेला आहे का, हे वापरकर्त्याकडून जाहीर करून घ्यावं लागतं. आधीच्या मसुद्यात पाटीने पडद्याचा किमान १० टक्के भाग व्यापावा अशी अट होती. अंतिम नियमांत ती नाही, पाटी ठळक मात्र हवी. आणि पाटीने संमतीची उणीव भरून निघत नाही, तसंच उलटही.

५. नंतरची आवराआवर. मंजूर ऑडिओ, संमतीपत्र आणि खुणा केलेली स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये ठेवा. मग टूलच्या खात्यात जाऊन आवाजाचं मॉडेल काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट कलावंताला पाठवा. एडिटरच्या लॅपटॉपवरचे नमुने वेगळे काढावे लागतात. ते हमखास राहून जातात.