मोहरम वर्षभर फिरतो, आषाढी जून-जुलैतच: दोन्ही तारखांचा हिशोब घरच्या घरी

१७ जुलै २०२४ ला आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी मोहरमचा दहावा. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर रांग, तिकडे भेंडी बाजारात मातम. पुढच्या वर्षी ६ जुलैला पुन्हा दोन्ही एकाच दिवशी आले. २०२६ ला मात्र जोडी फुटते: मोहरम २६ जूनच्या सुमारास आणि आषाढी थेट २५ जुलैला. दोन्ही सण चंद्राच्या महिन्यावरूनच ओळखले जातात, मग एक पुढे आणि एक मागे का? गेल्या चार-पाच वर्षांची कालनिर्णयं घरात असतील तर काढून बसा, हे स्वतः ताडून बघता येतं.

आधी अकरा दिवस शोधा. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. बारा महिन्यांचे झाले सुमारे ३५४. इंग्रजी वर्ष ३६५ चं, म्हणून चांद्र वर्ष दरवर्षी अकराएक दिवस आधी संपतं. १७ जुलैतून अकरा दिवस वजा केले की ६ जुलै येतो. २०२४ वरून २०२५ ला जाताना दोन्ही सण एवढेच मागे आले, म्हणून बरोबर राहिले.

मग मोहरम मागे मोजत न्या. हिजरी वर्षात नेहमी बाराच महिने असतात, तूट कधीच भरून काढली जात नाही. २०३५ चा मोहरम हवा असेल तर दहा वर्षांचे ११० दिवस ६ जुलै २०३५ पासून मागे मोजा. जून, मे, एप्रिल ओलांडून तुम्ही १८ मार्चला पोचता. खरी तूट अकराहून किंचित कमी, १०.८८ दिवसांची आहे, त्यामुळे दहा वर्षांत एखाद दिवसाचा फरक पडतो. आजचा पावसातला मोहरम तेव्हा उन्हाच्या तोंडावर असेल. सुमारे ३३ वर्षांत हा फेरा पुरा होतो: २०२४ प्रमाणेच १९९१ चा मोहरमही जुलैतच होता. मधे केव्हातरी एकाच इंग्रजी वर्षात सण दोनदा येतो. २००९ मध्ये मोहरम जानेवारीतही आला आणि डिसेंबरातही.

नेमका दिवस मात्र या गणिताने ठरत नाही. चाँद दिसल्यावर महिना लागतो, आणि मुंबईच्या पावसाळी आभाळात तो दिसेलच असं नाही. दाऊदी बोहरा समाजाचं कॅलेंडर आधीच गणिताने बांधलेलं असल्याने त्यांचा मोहरम बहुधा एखाद-दोन दिवस आधी येतो. तेव्हा महिना आणि आठवडा काढा, सुट्टीची तारीख जाहीर होऊ द्या.

आता पंचांगातला अधिक मास शोधा. आषाढीही अशीच मागे जात राहिली असती तर वारी कधीतरी थंडीत निघाली असती. पण आपले महिने सूर्याच्या राशींना बांधलेले आहेत. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही, म्हणजे एकही संक्रांत पडली नाही, तर तो महिना अधिक धरतात आणि त्याच नावाचा निज महिना पुढे येतो. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी हे घडतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. वृषभ संक्रांत त्याआधीच होऊन गेलेली, आणि १५ जूनला सकाळी अमावस्या संपल्यानंतर मिथुन संक्रांत. एक महिना मधे घुसला, त्यातून नेहमीचे अकरा गेले, उरले एकोणीस. ६ जुलै अधिक एकोणीस म्हणजे २५ जुलै. हीच ती जोडी फुटण्याची जागा.

चूक इथे होते. अधिक मास आला की त्या वर्षीचे सगळे सण उशिरा, असं आपण सर्रास धरतो. २०२३ चं कालनिर्णय उघडा. त्या वर्षी अधिक श्रावण होता, तरी आषाढी चक्क २९ जूनला आली, कारण श्रावण आषाढानंतर येतो. त्याचा धक्का बसला गणपतीला: २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला बसलेले गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला बसले. आषाढीला तो धक्का पुढच्या वर्षी लागला, २९ जूनवरून १७ जुलै. म्हणून वर्ष बघू नका. मागच्या सणापासून या सणापर्यंत मधे अधिक मास पडला का, एवढंच बघा. पडला तर अठरा-एकोणीस दिवस पुढे, नाही तर अकरा दिवस मागे.

जुनी पानं समोर आहेतच, तर एक गोष्ट आवर्जून बघा. २९ जून २०२३ ला आषाढीच्या चौकोनात बकरी ईद आहे, मोहरम नाही. त्या वर्षीचा मोहरम महिनाभराने, २९ जुलैला. मधल्या अधिक श्रावणाने आषाढीला बकरी ईदपासून उचलून मोहरमच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने तिथूनही उठवून पुढच्या, म्हणजे सफर महिन्यात नेलं.