तिसऱ्या साठ, टाक्या तीन: जर्नल क्लबमध्ये पेपरचा ‘एन’ कसा तपासायचा

जर्नल क्लबची पाळी आली की नवखे विद्यार्थी आधी निष्कर्षांचा तक्ता उघडतात आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आहे का ते बघतात. सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगांवर बोलायचं असेल तर सुरुवात पद्धतीच्या परिच्छेदापासून करा आणि एकच प्रश्न धरून ठेवा: पेपरात लिहिलेला ‘एन’ नेमका कशाचा आहे?

एक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही खऱ्या पेपरचं नाही, पण असे पेपर वाचायला मिळतात. पावसाळ्यात गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी नद्यांचं पाणी गोडं होत जातं. अशा कमी क्षारतेत तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची वाढ मंदावते का, हे संशोधकांना बघायचंय. त्यांनी सहा टाक्या घेतल्या. तीन टाक्यांत नेहमीची क्षारता ठेवली, तीन टाक्यांत कमी, आणि प्रत्येक टाकीत वीस तिसऱ्या सोडल्या. आठ आठवड्यांनी शिंपल्याची लांबी किती वाढली ते मोजलं. नेहमीच्या क्षारतेत सरासरी वाढ ३.१ मिमी आणि कमी क्षारतेत २.५ मिमी भरली. दोन्ही गटांत प्रमाण विचलन १.२ होतं. पेपर सांगतो: प्रत्येक गटात n = 60, t(118) = 2.74, p = 0.007.

कंसातल्या ११८ वर थांबा. दोन गटांच्या टी-टेस्टमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे एकूण नगांमधून दोन वजा. ११८ आले म्हणजे १२० तिसऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या. पण क्षारता तिसरीला वेगवेगळी दिलेली नाही, ती टाकीला दिलेली आहे. एका टाकीतल्या वीस जणी तेच पाणी, तीच हवा, तोच खाद्याचा वाटा घेतात. एका टाकीचा एअर स्टोन तुंबला तर विसाच्या वीस जणींची वाढ एकदम घटते. म्हणून प्रयोगाचा नग टाकी आहे. नग सहा, डिग्रीज ऑफ फ्रीडम चार. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रायोगिक अभ्यासांपैकी २७ टक्क्यांत ती सापडली. ज्यांनी अनुमानाच्या चाचण्या वापरल्या होत्या, तेवढेच अभ्यास धरले तर हे प्रमाण ४८ टक्के होतं. त्यामुळे चूक सापडली तरी लेखक निष्काळजी होते असा सूर लावू नका.

आता चुकीने फरक किती पडतो ते दाखवायचं, कारण ‘स्यूडोरेप्लिकेशन आहे’ एवढं म्हणून खाली बसणं ही अर्धीच टीका. पूरक फाइलमध्ये मूळ मोजमापं असतील तर प्रत्येक टाकीची सरासरी काढा. समजा नेहमीच्या क्षारतेच्या टाक्यांत ३.१, २.६, ३.६ आली आणि कमी क्षारतेच्या टाक्यांत २.४, २.९, २.२. या सहा आकड्यांवर R मध्ये साधी टी-टेस्ट करा:

```
a <- c(3.1, 2.6, 3.6)
b <- c(2.4, 2.9, 2.2)
t.test(a, b, var.equal = TRUE)
```

t येतो १.६९, डिग्रीज ऑफ फ्रीडम ४ आणि पी-व्हॅल्यू ०.१७. फरक तोच, ०.६ मिमी. पण पेपरच्या हिशेबाने त्याचं ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१७ ते १.०३ होतं, ते आता उणे ०.३९ ते १.५९ झालं. फळ्यावर ही दोन इंटरव्हल्स एकाखाली एक आडव्या रेघांनी काढा आणि शून्यावर एक उभी रेघ मारा. यानंतर फारसं समजावून सांगावं लागत नाही.

मूळ आकडे मिळाले नाहीत तरी मार्ग आहे. टाक्याटाक्यांत काहीच फरक नव्हता असं लेखकांच्या बाजूने गृहीत धरा आणि t तोच २.७४ राहू द्या. चार डिग्रीज ऑफ फ्रीडमला ०.०५ ची मर्यादा २.७८ आहे, म्हणजे इतकी सूट देऊनही निकाल काठावरच राहतो. दरम्यान पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर लेखकांना टाकीवार सरासऱ्या विनम्रपणे मागा. क्लबच्या निदान दोन आठवडे आधी मेल गेली पाहिजे.

कोणीतरी मिश्र प्रतिमान वापरायला सुचवेल, आणि ते बरोबरच आहे. टाक्यांत तिसऱ्यांची संख्या सारखी नसेल, काही मेल्या असतील, तर तेच वापरावं:

```
library(lmerTest)
m <- lmer(growth ~ salinity + (1 | tank), data = d)
summary(m)
```

इथे एक चूक फार सहज होते. दोन्ही गटांतल्या टाक्यांना १, २, ३ असेच क्रमांक दिले असतील तर R नेहमीच्या गटातली पहिली टाकी आणि कमी क्षारतेतली पहिली टाकी एकच समजतो. टाक्यांना A1, A2, A3, B1, B2, B3 अशी वेगळी नावं द्या. मग उत्तरात क्षारतेच्या ओळीत डिग्रीज ऑफ फ्रीडम चारच्या आसपास आहेत का बघा. शंभराच्या वर दिसले तर नावं पुन्हा तपासा. नावं ठीक असतील तर टाक्यांमधलं व्हेरियन्स शून्य आलंय का ते बघा. तेव्हा प्रतिमान टाकी विसरून पुन्हा तिसऱ्याच मोजू लागतं.

मात्र कोणतंही प्रतिमान वाचवू शकत नाही असाही प्रसंग असतो. टाक्यांची आकृती नीट बघा. कमी क्षारतेच्या तिन्ही टाक्यांना पाणी एकाच साठवण टाकीतून येऊन पुन्हा तिथेच जात असेल, तर त्या तीन टाक्या नव्हेत, एकच आहे. त्या पाण्यात अमोनिया वाढला असेल तर त्याचा परिणाम क्षारतेच्या परिणामापासून वेगळा काढता येत नाही. पद्धतीत याचा उल्लेख नसेल तर ‘चूक आहे’ असं म्हणू नका, ‘हे लिहिलेलं नाही आणि यावर निष्कर्ष अवलंबून आहे’ असं म्हणा.

सादरीकरणाला पाऊण तास असेल तर पहिली दहा मिनिटं फक्त लेखकांनी काय केलं ते सांगा, तेही असं की लेखक स्वतः समोर बसले असते तरी त्यांनी मान डोलावली असती. टाक्यांना क्षारता चिठ्ठ्या टाकून दिली असेल, वाढ मोजणाऱ्याला गट माहीत नसेल, तर ते इथेच नोंदवा. हिशेबाला वीस मिनिटं, उरलेला वेळ चर्चेला. आणि पी-व्हॅल्यू ०.१७ आली म्हणून ‘क्षारतेचा परिणाम होत नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथेच अडवा. इंटरव्हलमध्ये दीड मिलिमीटरचा फरकही बसतो. तीन-तीन टाक्यांतून एवढंच कळतं की अजून सांगता येत नाही.

सुधारणा सुचवताना आकडा द्या. ‘नमुना मोठा हवा होता’ हे वाक्य कुठल्याही पेपरला चिकटतं. इथे तिसऱ्या वाढवायची गरजच नाही. त्याच साठ तिसऱ्या प्रत्येक गटात तीनऐवजी सहा टाक्यांत दहा-दहा सोडल्या असत्या, तर याच आकड्यांवरून इंटरव्हलची अर्धी रुंदी ०.९९ वरून साधारण ०.६५ मिमीवर येते. उलट तीनच टाक्या ठेवून प्रत्येकीत चाळीस सोडल्या तर ती ०.९० पर्यंतच उतरते. खर्च टाक्यांचा आणि जागेचा वाढतो, हेही त्याच वाक्यात सांगा. लहान प्रयोगशाळेत बारा टाक्या मांडायला जागा नसेल तर प्रयोग दोन फेऱ्यांत करता येतो, प्रत्येक फेरीत दोन्ही क्षारतांच्या तीन-तीन टाक्या ठेवून आणि फेरी प्रतिमानात घालून.