करार-नूतनीकरण नोंदवही: या चुका टाळा

बहुतेक कार्यालयांची नोंदवही मुदत संपण्याच्या तारखेनुसार लावलेली असते. घात तिथेच होतो. करार आपोआप नूतनीकरण होणारा असेल, तर तो बंद करायची संधी मुदतीच्या बरीच आधी संपते. त्यामुळे नोंदवहीत सर्वांत महत्त्वाचा रकाना 'नोटीस देण्याची शेवटची तारीख' हाच, आणि यादी त्यानुसारच लावा.

समजा, प्रिंटर देखभालीचा करार 31 मार्च 2026 ला संपतो आणि नोटीस 60 दिवसांची आहे. शेवटची तारीख येते 30 जानेवारी. करारात 'दोन महिने' लिहिलं असेल तर 31 जानेवारी. फरक एका दिवसाचा, पण तेवढ्यावरून पुढचं वर्ष गळ्यात पडू शकतं. म्हणून दिवस आणि महिने यांची सूत्रं वेगळी ठेवा (C2 मध्ये मुदत, D2 मध्ये नोटिशीचा आकडा):

```
=C2-D2
=EDATE(C2,-D2)
```

नोटीस पाठवल्याची तारीख धरायची की समोरच्याला मिळाल्याची, हेही करारात वाचून शेऱ्यात लिहा. मिळाल्याची असेल तर निदान आठवडाभर आधीची आठवण लावावी. निर्णय घ्यायला वेळ लागतो, तो वेगळा. मी त्यासाठी आणखी महिनाभर धरतो.

सूत्र `#VALUE!` दाखवत असेल, तर तारीख बहुधा मजकूर म्हणून साठलेली आहे. `=ISNUMBER(C2)` चं उत्तर `FALSE` आलं की खात्री पटते. याहून धोकादायक चूक मात्र दिसत नाही: दुसरीकडून आणलेल्या यादीत 04/03/2026 हा 4 मार्च असतो आणि संगणक 3 एप्रिल समजतो. 12 च्या पुढचे दिवस उलटता येत नाहीत, म्हणून ते मजकूर राहतात. काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की उजवीकडच्या तारखाही मूळ करारांशी ताडून पाहा.

वार्षिक खर्चात लोक बिलांच्या रकमांची सरळ बेरीज करतात. एक सेवा दरमहा 1,200, दुसरी दर तिमाहीला 6,000, तिसरी तीन वर्षांची एकदम 45,000. बेरीज 52,200. खरा वार्षिक खर्च 14,400 + 24,000 + 15,000, म्हणजे 53,400. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की कुणाला शंकाही येणार नाही. यातली महिन्याची सेवा बंद केली तर मात्र चुकीच्या यादीत बचत 1,200 दिसेल, प्रत्यक्षात ती 14,400 असते. 'वर्षात किती वेळा' असा रकाना ठेवा: 12, 4, `=1/3`. रक्कम गुणिले तो आकडा म्हणजे वार्षिक खर्च. कर सगळीकडे धरा किंवा कुठेच धरू नका. यंदा खात्यातून प्रत्यक्ष किती जाणार, हा वेगळा रकाना. तीन वर्षांचं बिल ज्या वर्षी येतं त्या वर्षी तिथे पूर्ण 45,000 दिसले पाहिजेत.

करार पुढे सरकला की जुनी तारीख खोडून नवी लिहू नका, नवी ओळ घाला आणि जुनीवर 'संपला' अशी नोंद करा. दर किती वाढला, हे त्या जुन्या ओळीवरूनच कळतं.